मुलांनी पुस्तके 'वाचले' की 'वाचली'? स्नेहसंमेलनाचा अहवाल तपासताना अडलेली सहा वाक्यं

मलप्रभा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, बाकीच्यांच्या घरी आपली इकडची मराठी. यंदा स्नेहसंमेलनाचा अहवाल मुलांनीच लिहिला. शनिवारी तो भित्तिपत्रकावर लावायचा आहे. मी तपासला, शेजारच्या वर्गाच्या बाईंनी तपासला, एका माजी विद्यार्थ्याने तपासला, आणि तिघांच्या दुरुस्त्या तीन तऱ्हेच्या निघाल्या. अडलेली वाक्यं मुलांनी लिहिली तशीच देते:

१. मुलांनी तीन पुस्तके वाचले.
२. बाईंनी मुलींना वह्या वाटले.
३. मी कविता म्हटलो.
४. पाहुण्यांनी शाळेला पाहिली.
५. आम्ही डबा विसरलो.
६. मुलांनी दीपाला मॉनिटर केली.

मला नुसतं बरोबर-चूक नको आहे. लाल पेनाने दुरुस्त केलं की मुलं ते उतरवून घेतात आणि पुढच्या वाक्यात तीच चूक करतात. त्यांना स्वतःचं वाक्य स्वतः तपासता यावं अशी काही रीत आहे का? कर्मणी, भावे ही नावं सध्या त्यांच्या डोक्यावर घालायची नाहीत.

कुंदाप्रेमी | सोमवार, रात्री १०:०५

ताई, मला शाळेत एका सरांनी सोपं करून दिलं होतं, ते आजवर उपयोगी पडतंय. भूतकाळात करणाऱ्याला 'ने' किंवा 'नी' लागलेला दिसला की क्रियापद कर्माप्रमाणे. पण वाक्यात कुठे 'ला' किंवा 'ना' दिसला की डोळे मिटून 'ले'. रामाने आंबा खाल्ला, सीतेने चिंच खाल्ली, पण रामाने रावणाला मारले.

त्या हिशेबाने १ मध्ये 'वाचली', २ बरोबरच आहे कारण 'मुलींना' आहे, ४ मध्ये 'पाहिले'. ३ आणि ५ मध्ये 'ने' नाही म्हणजे क्रियापद करणाऱ्याप्रमाणे, दोन्ही बरोबर. ६ मध्ये 'केले'.

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:३१

वाचून वाईट वाटलं. आम्ही घरात 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' असंच बोलतो. आई बोलते, आजी बोलायची. कॉलेजसाठी पुण्याला गेलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी 'मी सगळं सामान घेतलो' म्हणालो आणि खोलीतली मुलं वर्षभर ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवायची. पुढे बरेच महिने मी तोंडच उघडलं नाही. आता इथे आपलेच लोक मुलांच्या बोलण्याला चूक म्हणतायत. सीमेवरची मराठी मराठी नाही का?

टिळकवाडी_आजोबा | मंगळवार, सकाळी ६:५०

निपाणीकर, तुम्हाला जे सोसावं लागलं ते वाईटच. ताईंनी मात्र कुणाच्या बोलण्याला नाव ठेवलेलं नाही, त्या लिहिलेला अहवाल तपासतायत. आणि तुमच्या घरच्या बोलीत घोळ नाही, नियमच आहे: जो करणारा, त्याच्याप्रमाणे क्रियापद, कर्म काहीही असो. पुस्तकी मराठीतही काही क्रियापदं अशीच चालतात. 'मी डबा विसरलो', 'मी मराठी शिकलो', 'ती साडी नेसली' हे सगळीकडे बरोबर. तुमच्या बोलीने तीच चाल सगळ्या क्रियापदांना दिली, आणि शेजारी कन्नड असल्यामुळे ती टिकली. मुलांनी घरी तसंच बोलावं. भित्तिपत्रकावरची रीत वेगळी आहे, एवढंच त्यांना सांगायचं.

आता ताईंचा प्रश्न. बेळगावात एका छापखान्यात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. त्या अनुभवावरून सांगतो, सगळ्यात जास्त निसटणारी चूक म्हणजे तुमचं पहिलं वाक्य. 'पुस्तके वाचले.' डोळ्याला काही खटकत नाही, कारण दोन्ही शब्दांच्या शेवटी मात्रा आहे. 'आंबे खाल्ले' बरोबर आहे म्हणून 'पुस्तके वाचले' पण बरोबर वाटतं.

लिहिण्यातला 'ले' दोन कामं करतो. 'पुस्तक वाचले' यातला एका नपुंसकलिंगी वस्तूचा, आणि 'आंबे खाल्ले' यातला अनेक पुल्लिंगी वस्तूंचा. कागदावर दोघांचा चेहरा एकच, पण बोलताना आपण ते वेगळे ठेवतो. पहिल्याला 'वाचलं' म्हणतो, दुसऱ्याला 'खाल्ले'च म्हणतो. 'मी आंबे खाल्लं' कुणी म्हणत नाही.

म्हणून आमच्याकडे एक जण प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवायचा. वाचणाऱ्याला सांगितलेलं असायचं की छापील भाषेत वाचू नकोस, घरच्यासारखं वाच. 'मुलांनी तीन पुस्तकं…' म्हटलं की पुढे जीभ आपोआप 'वाचली' म्हणते. 'तीन पुस्तकं वाचलं' जिभेवर येतच नाही, 'तीन पुस्तकं वाचले' ओढूनताणून येतं. जिथे जीभ अडली तिथे पेन्सिलची खूण. तेव्हा पहिली रीत ही: लिहिलेल्या 'ले'ला बोलून बघा. 'लं' आलं तर कर्म एकच आणि ते 'ते' जातीचं असलं पाहिजे, किंवा काहीच न चिकटलेलं, मोकळं कर्म नसलंच पाहिजे. 'ले'च राहिलं तर कर्म पुल्लिंगी अनेकवचनी असलं पाहिजे. दोन्ही जुळत नसेल तर चूक आहे.

कुंदाप्रेमी, तुमच्या सरांची रीत निम्मी चालते. २ आणि ३ मध्ये ती फसवते. दुपारी सविस्तर लिहितो.

घटप्रभेकाठचा | मंगळवार, सकाळी ८:१५

मी गोकाकचा. घरी कन्नड, मराठी नोकरीत शिकलो. आजोबांची बोलून बघायची रीत छान आहे, पण ताई, तुमच्या निम्म्या वर्गाला ती लागू पडणार नाही. ज्याच्या कानात मराठी मुरलेली नाही त्याची जीभ अडणार कशी? मी दहा वेळा 'पुस्तकं वाचले' म्हणालो तरी मला काही खटकत नव्हतं.

कन्नडमध्ये 'हुडुग पुस्तक ओदिद', 'हुडुगी पुस्तक ओदिदळु'. मुलगा की मुलगी यावर क्रियापद बदललं. पुस्तक एक असो, तीन असोत, 'मूरु पुस्तक ओदिदळु', क्रियापद तिथेच. कर्माकडे वळून बघायची सवयच आम्हाला नसते. दुसरी अडचण त्याहून मोठी. आमच्याकडे पुरुष तो, बाई ती, आणि वस्तू सगळ्या 'अदु', म्हणजे 'ते'. वही 'ती', डबा 'तो' आणि पुस्तक 'ते' का, हे कळायला कन्नड मुलाकडे काहीच आधार नसतो. त्यामुळे त्याला नियम पाठ असला तरी उत्तर चुकतं, कारण वहीचं लिंगच माहीत नसतं.

मी काय केलं सांगतो. नवा शब्द एकटा लिहायचा नाही. 'माझा डबा, माझी वही, माझं पुस्तक' असा जोडीने लिहायचा, आणि खाली लगेच अनेकवचन: 'माझे डबे, माझ्या वह्या, माझी पुस्तकं'. मग क्रियापद वेगळं शोधावं लागत नाही, 'माझा'चा शेवट उचलून लावायचा. माझ्या वह्या, वाटल्या. माझी पुस्तकं, वाचली. माझा डबा, आणला. माझे डबे, आणले. माझं पुस्तक, वाचलं. मुलांना वहीच्या शेवटच्या पानावर अशी यादी करायला लावा. वर्गातल्या वस्तूंपासून सुरुवात केली तर पहिल्या आठवड्यात वीसेक शब्द सहज होतात.

शेवंता | मंगळवार, सकाळी ११:२०

माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या गल्लीत बायका 'मी जातो', 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात. माझी मुलगी पण तसंच म्हणते आणि तिच्या बाई 'जाते' म्हण म्हणून रागावतात. वहीचं लिंग बघून हे ठरवायचं का?

मलप्रभा | मंगळवार, दुपारी १:१०

शेवंताताई, तो विषय वेगळा. 'जाते-जातो' मध्ये करणारीप्रमाणे क्रियापद बदलतं, वस्तूचा संबंधच नाही. बेळगाव-कोल्हापूर भागात बायकांचं 'मी जातो' सर्रास आहे. त्यावर नवा धागा काढा, मी नक्की लिहीन.

घटप्रभेकाठचा, तुमची जोडीची यादी आजच तिसऱ्या तासाला करून पाहिली. ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांनी 'माझं वही' असं लिहिलं, म्हणजे अडचण तुम्ही सांगितली तिथेच आहे. क्रियापदाआधी नामाचंच काम करायला हवं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मनापासून आभार.

टिळकवाडी_आजोबा | मंगळवार, दुपारी ४:३०

घटप्रभेकाठचा यांनी माझी चूक दाखवली, मी कान गृहीत धरला होता. त्यांची रीत आधी, माझी नंतर.

आता दुसरं वाक्य. 'बाईंनी मुलींना वह्या वाटले.' कुंदाप्रेमी म्हणतात 'मुलींना' आहे म्हणून 'ले'. पण मग 'आईने मला गोष्ट सांगितली' याचं काय करायचं? 'मला' आहे, तरी 'सांगितले' आपण म्हणत नाही. 'दादाने तिला सायकल दिली', 'पाहुण्यांनी शाळेला भेट दिली', सगळीकडे 'ला' आहे आणि 'ले' कुठेच नाही.

'ला' दिसला की थांबायचं नाही. त्या शब्दावर बोट ठेवून झाकायचं, 'बाईंनी'वरही बोट ठेवायचं, आणि वाक्यात मोकळी, काहीच न चिकटलेली वस्तू उरते का ते बघायचं. इथे 'वह्या' उरल्या. क्रियापद त्यांचं: वाटल्या. 'बाईंनी मुलींना बोलावले' मध्ये दोन्ही झाकल्यावर काहीच उरत नाही. क्रियापदाला धरायला कुणी नाही, म्हणून ते 'ले'वर थांबतं. रावणाचं वाक्य या जातीचं आहे. तुमच्या सरांनी ते बरोबर शिकवलं होतं, फक्त मोकळी वस्तू बघायची पायरी मधून गळली.

चौथं वाक्य पोराने दोन वाक्यांची गाठ मारून केलेलं दिसतं. 'शाळेला भेट दिली' हे त्याने ऐकलेलं असणार. त्यातली भेट काढली, 'पाहिली' घातलं, आणि 'ली' तशीच राहिली. पण ती 'ली' भेटीची होती, शाळेची नव्हे. आता 'शाळेला' झाकली की काही उरत नाही, म्हणजे 'पाहिले' यायला हवं. खरं तर वस्तूंना आपण असा 'ला' लावत नाही, 'पाहुण्यांनी शाळा पाहिली' हेच सरळ मराठी. मुलाला दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवा, त्याचं त्यालाच कळेल.

कुंदाप्रेमी | मंगळवार, सायंकाळी ६:००

पटलं आजोबा. बोट ठेवायची रीत माझ्या पुतण्यालाही दाखवतो. पण ३ मध्ये मी कुठे चुकलो? 'मी कविता म्हटलो', 'आम्ही डबा विसरलो'. 'ने' दोन्हीकडे नाही.

टिळकवाडी_आजोबा | मंगळवार, रात्री ८:१०

'मी, तू, आम्ही, तुम्ही' यांना 'ने' दिसत नाही, पण नसतोच असं नाही. लपलेला असतो. तो बाहेर काढायला 'मी'च्या जागी 'ती' बसवून बघायची. कविता कोणी म्हटली? 'तिने कविता म्हटली.' तिथे 'तिने' आलं, म्हणजे 'मी'मध्येही 'ने' लपलेला होता. मग मोकळी वस्तू कविता, आणि वाक्य 'मी कविता म्हटली'. म्हणणारा मुलगा असो वा मुलगी, फरक नाही.

डब्याचं करून बघा. 'तिने डबा विसरला' कानाला बरं वाटतं का? 'ती डबा विसरली' हेच येतं. 'ने' आला नाही, तर क्रियापद करणाऱ्याचं, म्हणून 'आम्ही डबा विसरलो' बरोबर. ताई, तुमच्यापैकी कुणी तिथे 'आम्ही डबा विसरला' अशी दुरुस्ती केली असेल तर ती पुसून टाका.

तिसऱ्या वाक्यात आणखी एक गोम आहे. 'म्हणणे'ची भूतकाळात दोन रूपं होतात. नुसतं बोलणं असेल तर 'मी म्हणालो', 'ती म्हणाली', आणि क्रियापद करणाऱ्याचं. कविता, गाणं, आरती अशी वस्तू असेल तर 'मी आरती म्हटली', 'तिने गाणं म्हटलं'. पोराने दोन्हींची सरमिसळ करून 'म्हटलो' केलं.

निपाणीकर | मंगळवार, रात्री ८:४५

आजोबा, काल रात्री मी रागाने लिहिलं, पण तुमचं उत्तर दोनदा वाचलं. आमच्या बोलीलाही नियम आहे हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण तुमच्या परीक्षेत एक भोक आहे. आमच्या घरात 'ती काम केली' असंच म्हणतात, 'तिने' कमीच. मग माझ्यासारख्या मुलाने 'मी'च्या जागी 'ती' घातली तर त्याला 'ती कविता म्हटली' हेच बरोबर वाटणार. त्याचा 'ने' बाहेर येणारच नाही.

टिळकवाडी_आजोबा | बुधवार, सकाळी ७:०५

खरं आहे. त्यावर कानाचा उपाय नाही, पाठ करण्याचा आहे. पण सगळी क्रियापदं पाठ करायची गरज नाही, 'ने' न घेणारी थोडी आहेत तेवढी करायची. मुलांच्या लिखाणात रोज येणारी म्हणजे विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे, नेसणे. ती मित्राला भेटली, ती खोटं बोलली, ती पोहायला शिकली. यादीत असेल तर करणाऱ्याप्रमाणे. नसेल आणि वाक्यात वस्तू असेल, तर 'ने' आहे असं धरूनच चालायचं. काही क्रियापदं दोन्हीकडे ये-जा करतात. 'मी चहा प्यायलो' आणि 'मी चहा प्यायला' दोन्ही चांगल्या लिहिणाऱ्यांच्या हातून छापून आलेलं मी तपासलंय, आणि दोन्ही तसंच ठेवलंय.

घटप्रभेकाठचा | बुधवार, सकाळी ९:३०

सहावं राहिलं. 'मुलांनी दीपाला मॉनिटर केली.' बोट ठेवलं. 'मुलांनी' झाकलं, 'दीपाला' झाकलं, मोकळा 'मॉनिटर' उरला. मग क्रियापद त्याचं का नाही? 'मुलांनी दीपाला मॉनिटर केला' म्हणायचं का?

टिळकवाडी_आजोबा | बुधवार, दुपारी १२:४०

चांगलं पकडलंत. इथे मोकळा शब्द वस्तू नाही, दीपाच आहे. दीपा आणि मॉनिटर एकच व्यक्ती. वह्या आणि मुली वेगळ्या होत्या. तेव्हा बोट ठेवण्याआधी एक विचारायचं: ही दोन वेगळी की एकच? एकच असेल तर मोकळा शब्द धरायचा नाही, म्हणजे 'दीपाला मॉनिटर केले'. मी असेच तपासत आलो.

मलप्रभा | बुधवार, रात्री ९:१५

यावर मला थोडं वेगळं वाटतं, आजोबा. आमच्याकडे 'तिला सरपंच केली', 'तिला मॉनिटर केली' इतक्या सहज म्हणतात की 'केले' ऐकायला मलाच कोरडं वाटतं. बोलणाऱ्याच्या मनात दीपा असते, म्हणून 'केली'. मी भित्तिपत्रकावर 'केले' लिहीन, पण मुलाच्या वहीत ते चूक म्हणून कापणार नाही.

आज वर्गात दुसरं वाक्य फळ्यावर लिहून सातवीच्या एका मुलीला बोलावलं. तिच्या घरी कन्नड आहे. तिने डाव्या हाताने 'बाईंनी' झाकलं, उजव्याने 'मुलींना', मग 'वह्या'कडे बघून थोडा वेळ गप्प राहिली. शेवटच्या पानावरची यादी उघडली, 'माझ्या वह्या' वाचलं, आणि खडू घेऊन 'ले' पुसून 'ल्या' केला. मी काही बोलले नव्हते. पहिल्या वाक्यालाही तिने तसंच 'माझी पुस्तकं' काढून 'वाचली' केलं.

मग पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, 'वह्या, पेन आणि दप्तरे वाटले' असं असेल तर?" मी सांगितलं की सगळ्यात शेवटची वस्तू धर: दप्तरे, म्हणून 'वाटली'. क्रम बदलून वह्या शेवटी घेतल्या तर 'वाटल्या'. मग तो म्हणाला, "आणि पेन शेवटी असेल तर?" वर्गात अर्धे 'माझा पेन' म्हणाले, अर्धे 'माझं पेन'. मी स्वतः 'माझं पेन' म्हणते, शेजारच्या बाई 'माझा पेन'.

कुंदाप्रेमी | बुधवार, रात्री ९:५०

आमच्या घरी 'तो पेन'. अनेकवचनही 'दोन पेन', त्यामुळे रूपावरून काही कळत नाही.

निपाणीकर | बुधवार, रात्री १०:०२

आमच्यात 'ते पेन'. 'माझं पेन कुठं ठेवलास?' असं म्हणतो.

टिळकवाडी_आजोबा | गुरुवार, सकाळी ६:४५

पेन दोन्ही लिंगांत चालतो, आणि आपल्याकडे बाहेरून आलेल्या शब्दांचं असं होतंच. 'मेल आला' आणि 'मेल आली' यावरही लोक एकमेकांना दुरुस्त करत बसतात. तपासताना मी एवढंच बघायचो की एका लेखात एकच लिंग राहावं. पहिल्या परिच्छेदात 'पेन दिला' आणि तिसऱ्यात 'पेन हरवलं' असं नको. ताई, अहवालात पेन आणखी कुठे आला असेल तर तो आधी शोधा, आणि शनिवारी लावण्यापूर्वी जमलं तर अख्खा अहवाल इथे टाका. मी एकदा मोठ्याने वाचून बघतो.